भाजी घ्यायची जागा? बारमध्ये जा!

‘थोडं म्हातारपण’ (2)

हे दोन शब्द म्हणजे एक पूर्ण क्लू आहे. कंसातला 2 सांगतो की उत्तर दोन अक्षरांचं आहे. वाचणाऱ्याचं मन लगेच पिकलेल्या केसांकडे आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्यांकडे धावतं. उत्तर मात्र तिथे नाही. उत्तर आहे ‘जरा’. ‘जरा थांब’ म्हणतो त्यातला ‘जरा’ म्हणजे थोडं, आणि ‘जीव’मधल्या ‘ज’सारखा ‘ज’ उच्चारून म्हटलेली संस्कृत वळणाची ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. दोन शब्द, दोन्हींचं उत्तर एकच, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर तिसरंच चित्र उभं राहिलं. उत्तर कळल्यावर हसू येतं ते या तिसऱ्या चित्रामुळे. क्लूनं आपल्याला फसवलं, पण तो एकही शब्द खोटं बोलला नव्हता.

अशा क्लूंच्या कोड्याला मी इथे कूट शब्दकोडं म्हणते. मराठी वृत्तपत्रांतली शब्दकोडी बहुतेक सरळ असतात. ‘गरीब’ असा अर्थ दिलेला असतो आणि आपण ‘दीन’ भरतो. कूट कोड्यात अर्थ तर दिलेला असतोच, शिवाय त्याच उत्तराकडे नेणारी दुसरी वाटही त्याच वाक्यात असते. ही वाट शब्दाच्या अर्थातून जात नाही, त्याच्या अक्षरांतून जाते. दोन्ही वाटा एकाच शब्दावर येऊन मिळाल्या की सोडवणाऱ्याला उत्तराची खात्री पटते. ‘हे असेल बहुधा’ अशी शंका उरत नाही.

हा खेळ वाढला इंग्लंडमध्ये. पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापलं, पण ते सरळ अर्थांचं होतं. त्याला तिरकी चाल दिली ती ब्रिटिश रचनाकारांनी. एडवर्ड पॉइस मॅथर्स हे ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकात 1926 पासून ‘टॉर्केमाडा’ या नावानं कोडी रचू लागले. स्पेनमध्ये धर्मद्रोह्यांचा छळ करणाऱ्या न्यायालयाच्या प्रमुखाचं हे नाव. सोडवणाऱ्यांचा आपण काय छळ मांडला आहे याची कबुली त्यांनी टोपणनावातच देऊन ठेवली होती. टॉर्केमाडांची कोडी विलक्षण कल्पक होती, पण त्यांना ठरलेले नियम नव्हते. त्यांच्यानंतर 1939 मध्ये आलेले डी. एस. मॅकनट स्वभावानं शिस्तीचे होते. ‘झिमेनेस’ या नावानं त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ कोडी रचली आणि 1966 मध्ये पुस्तक लिहून क्लू प्रामाणिक कसा असावा याचे नियम बांधून दिले. त्यांच्या आधी ‘ॲफ्रिट’ या नावानं लिहिणाऱ्या रिची यांनीही हाच आग्रह धरला होता. रचणाऱ्यानं वाचकाची खुशाल दिशाभूल करावी, पण त्यानं लिहिलेल्या शब्दांतून उत्तर निघायलाच हवं, असं त्यांचं म्हणणं.

झिमेनेसांच्या जागी 1972 मध्ये जॉनथन क्राउदर आले. त्यांचं टोपणनाव ‘अ‍ॅझेड’. स्पेनच्या त्याच न्यायालयाचा आणखी एक प्रमुख होता डेझा, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये डेझा उलटा वाचला की अ‍ॅझेड होतो. अ‍ॅझेडच्या कोड्यांबरोबर क्लू रचण्याची स्पर्धा चाले. सोडवणाऱ्यांना एक शब्द दिला जाई आणि त्या एका शब्दासाठी प्रत्येकानं स्वतःचा क्लू पाठवायचा. मला या परंपरेतली ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कोडं सोडवणं एकीकडे आणि एका शब्दावर बसून त्याचा क्लू घडवणं दुसरीकडे. दुसऱ्यासाठी जाळी आखावी लागत नाही, चौकोन काळे-पांढरे करावे लागत नाहीत. एक शब्द आणि एक कागद पुरतो. ‘द हिंदू’सारख्या वृत्तपत्रातलं इंग्रजी कूट कोडं रोज सोडवणारे मराठी वाचक आहेत, पण हा खेळ मराठीत रचून पाहणारे फार भेटत नाहीत. आणि मराठीत त्याला लागणारं सामान तर भरपूर आहे.

क्लूची रचना आधी एका उदाहरणात पाहू.

‘काका कडीपत्त्यात लपवतात कोशिंबिरीची सामग्री’ (3)

यात तीन भाग आहेत. ‘कोशिंबिरीची सामग्री’ हा अर्थ. ‘काका कडीपत्त्यात’ हा कच्चा माल. आणि ‘लपवतात’ ही खूण, म्हणजे कच्च्या मालाचं काय करायचं ते सांगणारा शब्द. ‘काका कडीपत्त्यात’ ही अक्षरं एका ओळीत वाचली की दुसऱ्या ‘का’पासून ‘काकडी’ सापडते. अर्थ नेहमी क्लूच्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो, मधोमध कधीच नसतो. हा नियम सोडवणाऱ्याच्या हातातला सगळ्यांत मोठा आधार आहे. वाक्य कितीही गोंधळात टाकणारं असलं तरी त्याच्या एका टोकाला खरा अर्थ उभा आहे, एवढं त्याला ठाऊक असतं.

आता एक शब्द घेऊन सुरुवातीपासून क्लू घडवू. शब्द आहे ‘बाजार’.

पहिलं काम म्हणजे शब्दाचा अर्थ विसरून त्याची अक्षरं पाहणं. बा, जा, र. कागदावर ती सुटी सुटी लिहावीत आणि कुठे कुठे तुटतात ते बघावं. पहिल्या अक्षरानंतर तोडलं तर ‘बा’ आणि ‘जार’ मिळतात, म्हणजे बाप आणि बरणी. मधलं अक्षर उचललं तर बाहेर ‘बार’ राहतो आणि हातात ‘जा’ येतो. उलटीकडून वाचलं तर ‘रजा’ आणि पुन्हा ‘बा’. तीन अक्षरांच्या साध्या शब्दातून तीन वाटा निघाल्या. नवशिक्यानं इथे घाई करू नये. पहिली सापडलेली वाट बहुधा सगळ्यांनाच सापडते, आणि चांगली वाट दुसरी किंवा तिसरी असते.

पहिल्या वाटेचा क्लू असा होईल: ‘बापामागे बरणी, मंडईत’. यात एक चूक आहे आणि नवशिके ती हमखास करतात. उत्तर ‘बाजार’ आहे, ‘बाजारात’ नाही. अर्थ म्हणून दिलेला शब्द उचलून त्याच्या जागी उत्तर ठेवता आलं पाहिजे. ‘मंडईत गेलो’च्या जागी ‘बाजार गेलो’ चालत नाही. म्हणून ‘बापामागे बरणी म्हणजे मंडई’. आता क्लू बरोबर आहे, पण निर्जीव आहे. बापाच्या मागे बरणी का आहे? ती मंडई कशी झाली? वाक्य वाचून डोळ्यांपुढे काही येत नाही. हे गणित झालं, विनोद झाला नाही.

उलट वाचण्याची वाट मी सोडून देते. ‘रजा, बा!’ असं म्हणणारा माणूस उभा करता येईल, पण त्याला मंडईत आणायला वाक्य इतकं ओढावं लागेल की ओढाताण दिसेल.

राहिली तिसरी वाट, ‘बार’मध्ये ‘जा’. हे शब्द नुसते शेजारी ठेवले तरी त्यांचं वाक्य होतं: ‘बारमध्ये जा’. नशिबानं मिळालेली अशी जागा दिसली की तिथेच थांबावं. वाचणाऱ्याला ‘जा’ ही आज्ञा वाटते, खरं तर ते भरायचं अक्षर आहे. ‘मध्ये’ हा रोजचा शब्द वाटतो, खरं तर ती खूण आहे. आता फक्त अर्थ जोडायचा. बाजार म्हणजे मंडई, पेठ, हाट, खरेदीचं ठिकाण, शिवाय ‘काय बाजार मांडलाय’मधला गोंगाट. यांतला कुठला अर्थ बारच्या दृश्यात शोभेल? ‘पेठ, बारमध्ये जा’ हे वाक्यच नाही. पण कुणी भाजीबद्दल विचारलं आणि उत्तर बारचं मिळालं, तर गंमत आहे.

‘भाजी कुठे घ्यायची? बारमध्ये जा!’

इथे हसू येतं, पण अदलाबदल करून पाहा. ‘भाजी कुठे घ्यायची’ हा प्रश्न आहे, बाजार हे नाम आहे. एकाच्या जागी दुसरं बसत नाही. दुरुस्ती एका शब्दाची आहे: ‘भाजी घ्यायची जागा? बारमध्ये जा!’ (3). आता ‘भाजी घ्यायची जागा’ म्हणजे बाजार, आणि ‘बार’मध्ये ‘जा’ म्हणजेही बाजार. प्रत्येक शब्दाला काम आहे.

हे शेवटचं वाक्य मी फार गंभीरपणे लिहिते आहे. क्लू लिहिताना खरा मोह होतो तो विनोद फुलवण्याचा. ‘अरे, भाजी घ्यायची जागा? आधी बारमध्ये जा, मग बघू!’ हे बोलायला जास्त मजेदार आहे. पण ‘अरे’ काय करतो? ‘आधी’ कुठल्या अक्षराला हलवतो? ‘मग बघू’मधून काय काढायचं? काहीच नाही. सोडवणारा मात्र या प्रत्येक शब्दावर वेळ घालवतो, कारण त्यानं आपल्यावर विश्वास ठेवलेला असतो. उत्तर कळल्यावर त्याला ते शब्द फुकटचे होते हे लक्षात येतं आणि हसू मावळतं. म्हणून क्लू पुरा झाला की त्यातला एकेक शब्द झाकून पाहावा. झाकल्यावरही क्लू चालत असेल तर तो शब्द काढून टाकावा. ‘म्हणजे’, ‘झाला’, ‘म्हणून’ असे अर्थ आणि खेळ यांना जोडणारे छोटे शब्द तेवढे चालतात, कारण ते बरोबरीचं चिन्ह असतात.

शब्द कुठे तोडावा यालाही एक कसोटी आहे. ‘नागपूर’ घ्या. ‘सापामागून पाण्याचा लोंढा म्हणजे संत्र्यांचं गाव’ (4). नाग आणि पूर. गावाच्या नावातल्या ‘पूर’चा अर्थ नगर असा आहे, क्लूमधला पूर पाण्याचा आहे. शब्दाचा तुकडा आपल्या घरच्या अर्थापासून दूर नेला म्हणून मजा आली. ‘कोल्हापूर’चंही तसंच. उलट ‘चाळीसगाव’चा क्लू ‘दोन वीस आणि खेडं’ असा केला तर तो बरोबर असूनही फिका पडतो, कारण शब्द जिथे मुळातच जोडलेला आहे तिथेच आपण तोडला आणि ‘गाव’ला गावच ठेवलं. ‘खासदार’ या बाबतीत सुंदर शब्द आहे. त्यातला ‘दार’ हा प्रत्यय आहे, त्याचा दरवाजाशी काही संबंध नाही. म्हणून ‘संसदेतला माणूस म्हणजे विशेष दरवाजा’ (4) हा क्लू जमतो.

इथवरचं तंत्र इंग्रजीसारखंच आहे. पण मराठीत उतरल्यावर काही गोष्टी बदलतात, आणि त्या समजून घेतल्याशिवाय नुसती नक्कल केली तर क्लू फसतात.

पहिला प्रश्न असा की एका चौकोनात काय बसतं? इंग्रजीत एक लेटर. आपल्याकडे अक्षर, त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसकट. ‘त्ता’ हे जोडाक्षरही एकाच घरात राहतं. याचा परिणाम लांबवर जातो. इंग्रजी कूट कोड्यांचा मोठा आधार म्हणजे अक्षरांची उलथापालथ करून नवा शब्द काढणं. सात वेगवेगळ्या अक्षरांचा शब्द 5040 प्रकारे मांडता येतो, त्यामुळे सोडवणारा त्यात हरवतो. आपल्याकडे रोजचे शब्द दोन, तीन, चार अक्षरांचे. तीन अक्षरं सहाच प्रकारे मांडता येतात आणि चार अक्षरं चोवीस प्रकारे. तीन अक्षरांची उलथापालथ दिसली की सोडवणारा बोटांवर उत्तर काढतो. त्यामुळे मराठीत हा प्रकार जपून वापरावा, आणि वापरलाच तर सगळी चतुराई वरच्या वाक्यात ओतावी. ‘ओळीओळीनं लिहिलेली विकता विस्कटून!’ (3) असं लिहिलं तर कुणावर तरी ठेवलेला आरोप वाटतो. ‘विकता’ची अक्षरं विस्कटली की ‘कविता’ होते, आणि ती ओळीओळीनं लिहिलेली असतेच.

इथेच एक जुना मोह समोर येतो: ‘नवरा’ आणि ‘वानर’. अक्षरांची जागा बदलून काना एका अक्षरावरून काढून दुसऱ्यावर ठेवला की नवऱ्याचा वानर होतो. ‘बिथरलेला नवरा म्हणजे माकड’ हा क्लू कुणालाही सुचेल आणि घरोघरी हशा पिकेल. तरी माझ्या मते तो नियमात बसत नाही. अक्षर हे एकक ठरवलं की काना त्याच्याशीच बांधलेला राहतो. वाचणारा ‘रा’ला एकच आकृती म्हणून पाहतो, त्यातून काना सुटा होईल हे त्याच्या मनात येणार नाही. कुणाला मात्रा मोकळ्या सोडून खेळायचं असेल तर खेळावं, पण ते आधी सांगून. सोडवणाऱ्याला ठाऊक नसलेला नियम वापरून मिळवलेला विजय विजय नसतो.

अक्षर हे एकक मानल्यामुळे आपण एका बाजूला जे गमावतो ते दुसऱ्या बाजूला दुपटीनं मिळतं, ते उलट वाचण्यात. इंग्रजी शब्द उलटा केला तर बहुधा उच्चारताही येत नाही. मराठी शब्द अक्षरा-अक्षरानं उलटा केला की तो बोलतो. नदी उलटली की दीन होते, मका उलटला की काम होतो, वडा उलटला की डाव, सडा उलटला की डास, वीर उलटला की रवी, मजा उलटली की जाम. ‘बिचारी, उलट वाहणारी नदी!’ (2) यात बिचारी म्हणजे दीन. ‘लता परतल्यावर मैफलीत धरतात तो’ (2) म्हणजे ताल. या दुसऱ्या क्लूसाठी मी आधी अर्थ म्हणून ‘लय’ लिहिणार होते, पण गाणं शिकलेला कुणीही सांगेल की लय आणि ताल एक नव्हेत. वरचं वाक्य जितकं फसवं, तितका अर्थ काटेकोर हवा. शब्दकोश उघडून पाहावा, आणि शंका असेल तर तो अर्थ वापरू नये.

उलट वाचण्यात कच्चा माल क्लूमध्ये जसाच्या तसा दिला नाही तरी चालतं. ‘संताप! फणसातला उलटा निघाला’ (2). फणसातला म्हणजे गरा, तो उलटा केला की राग. इथे सोडवणाऱ्याला आधी ‘गरा’ हा शब्द शोधावा लागतो आणि मग उलटवावा लागतो. हे न्याय्य आहे, कारण उलटवण्याचा प्रकार एकच. पण अक्षरं विस्कटायची असतील तर ती अक्षरं क्लूमध्ये दिसलीच पाहिजेत. ‘विकता’च्या जागी ‘पैसे घेऊन देता’ असं लिहून त्याची उलथापालथ करायला सांगितली तर सोडवणारा आधी अंदाजानं शब्द शोधणार, मग अंदाजानं तो विस्कटणार. दोन्हीकडे अंदाजच असले तर पाय टेकायला जागा उरत नाही.

मराठीतली सगळ्यांत अवघड गोष्ट मात्र विभक्ती आहे. शब्दाला प्रत्यय लागला की त्याचं रूप बदलतं, आणि रूप बदललं की अक्षरं बदलतात. ‘पगाराची सुरुवात गेली, सगळं थंड’ (2). पगारातलं पहिलं अक्षर गेलं की गार, असा इरादा. पण क्लूमध्ये दिसतं आहे ‘पगारा’. त्याची सुरुवात गेली तर राहतं ‘गारा’, म्हणजे आभाळातून पडणाऱ्या. मग सोडवणाऱ्यानं कुठलं धरायचं? जिथे शब्दाच्या अक्षरांवर काम करायचं आहे तिथे तो शब्द मूळ रूपात, उघडा ठेवावा, हा मराठीपुरता माझा नियम. त्यासाठी खुणेचा शब्द विशेषण करावा. ‘बिनडोक पगार? थंड!’ (2). बिनडोक म्हणजे मूर्ख, आणि इथे खरोखरच डोकं नसलेला. विशेषणं या कामी फार उपयोगी पडतात: उलटलेला, विस्कटलेला, परतलेली, शेपूट तुटलेला. ती शब्दाला प्रत्यय न लावता त्याला काय झालं ते सांगतात. जिथे शब्द फक्त अर्थासाठी आहे, जसा ‘सापामागून’मधला साप, तिथे प्रत्यय हवे तितके लावावेत, कारण आपल्याला साप या शब्दाची अक्षरं नको आहेत, नाग हवा आहे.

‘बारमध्ये’ या शब्दात प्रत्यय लागूनही ‘बार’ अबाधित राहिला, कारण तो परका शब्द आहे आणि आपण त्याला फार वाकवत नाही. इंग्रजीतून आलेले शब्द क्लूसाठी सोयीचे पडतात ते यामुळेच.

उच्चारावर आधारलेले क्लू मराठीत फारसे चालत नाहीत. इंग्रजीत एकाच उच्चाराची दोन-तीन स्पेलिंगं सापडतात. आपण बहुतांशी बोलतो तसं लिहितो, त्यामुळे ‘दिन’ आणि ‘दीन’ अशा ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्यांपलीकडे हाताला थोडंच लागतं. पण लेखन एक आणि अर्थ दोन असे शब्द आपल्याकडे विपुल आहेत, आणि दोन अर्थ शेजारी ठेवायचा प्रकार नवशिक्यासाठी सर्वांत सोपा आहे. ‘आईच्या आजीचं शहर मांडवीकाठी’ असं लिहिलं की पणजी दिसते, पण ‘चं’ या प्रत्ययानं खेळ बिघडतो. प्रत्यय काढायचा असेल तर वाक्य फिरवावं: ‘मांडवीकाठी वसलेली आईची आजी’ (3). मांडवीकाठी वसलेली ती पणजी, आईची आजी तीही पणजी, आणि दोन्ही मिळून गोव्यात सुखानं राहणारी म्हातारी. ‘जरा’चा क्लू याच घरातला.

याहून दुर्मीळ म्हणजे तीन अर्थांचा शब्द. बौद्ध त्रिपिटकाची भाषा पाली. बल्लाळेश्वराचं, अष्टविनायकांतलं रायगड जिल्ह्यातलं गाव पाली. आणि भिंतीवर चुकचुकणाऱ्या त्याही पाली. तिन्ही एका वाक्यात बांधायचं काम मी वाचकांवर सोपवते. अडचण कुठे येईल तेवढं सांगते: पहिले दोन अर्थ एकवचनी आहेत, तिसरा अनेकवचनी. वाक्याचं क्रियापद कुणाच्या बाजूनं घ्यायचं, यावर सगळं अवलंबून आहे.

क्लूचा एक प्रकार रचनाकार सर्वांत वरचा मानतात. त्यात अर्थ आणि खेळ वेगळे करताच येत नाहीत, अख्खं वाक्यच अर्थ असतं आणि अख्खं वाक्यच खेळ. असा क्लू ठरवून होत नाही, शब्दच तो आणून देतो. मराठी माणसाला त्याचा एक नमुना लहानपणीच कथेतून मिळालेला असतो. वाल्या कोळ्याच्या तोंडी देवाचं नाव येईना, तो ‘मरा मरा’ म्हणत बसला आणि त्यातूनच जप घडला. ‘‘मरा’ उलटून वाल्याला पावला तो’ (2). मरा उलटला की राम, आणि वाल्याला पावला तोही राम. कथा आणि अक्षरं एकच गोष्ट सांगतात. या क्लूपुढे बाकीचे सगळे मला कारागिरीचे वाटतात.

क्लू लिहून झाला की तो दुसऱ्याला दिल्याखेरीज पुरा होत नाही. देताना काहीही समजावू नये, फक्त अक्षरसंख्या सांगावी आणि त्याच्या तोंडून निघणारे शब्द ऐकावेत. त्यानं वेगळंच उत्तर दिलं आणि ते क्लूला पूर्णपणे लागू पडत असेल, तर चूक आपली आहे, क्लू बदलावा. त्याला उत्तर सुचलं पण ‘कसं ते कळलं नाही’ असं तो म्हणाला, तर अर्थ फार उघडा आहे आणि खेळ फार दाबलेला, म्हणून अर्थ थोडा लांबचा घ्यावा. उत्तर सांगितल्यावर त्यानं मान हलवून ‘असेल’ म्हटलं, तर कुठला तरी शब्द रिकामा बसला आहे, तो शोधावा. आणि उत्तर ऐकून तो क्लू पुन्हा एकदा, या वेळी सावकाश, मोठ्यानं वाचू लागला, तर काहीही बदलू नये.